सगळं हिरवं, तरी टाकी ओसंडली: फंक्शन ब्लॉक डायग्राम लॅडरपेक्षा कधी सोपा पडतो?

हा भाग तुम्ही बसमध्ये किंवा शिफ्टला जाता-जाता ऐकला असेल, तर मी दोन-तीनदा म्हणालो होतो की "आकृती ब्लॉगवर बघा". तर हा तो ब्लॉग. बोललेलं बरंचसं तसंच ठेवलंय, अडखळलेलं तेवढं काढलंय आणि आकृत्या जोडल्यात. मोबाईलच्या स्क्रीनवर मावतील एवढ्याच केल्यात.

आजचा विषय आहे फंक्शन ब्लॉक डायग्राम, म्हणजे एफबीडी. पीएलसीचा प्रोग्रॅम लिहायची ही एक पद्धत. दुसरी, जी आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक मेंटेनन्सवाल्याला येते, ती लॅडर. प्रश्न असा की ज्या इलेक्ट्रिशियनचं अख्खं आयुष्य लॅडर आणि वायरिंग डायग्राम वाचण्यात गेलंय, त्याला एफबीडी जास्त सोपा वाटेल अशी वेळ येते का? येते. मला हे पुस्तकातून नाही कळलं. रात्री दीड वाजता आलेल्या फोनवरून कळलं.

त्या रात्री काय झालं

मी मूळचा सॉफ्टवेअरचा माणूस. बीटेक केलं, आणि पीएलसी नोकरीत येऊन शिकलो. एका छोट्या कारखान्यात गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. टाकी पाच मीटर उंच. खाली हौद, हौदात पंप. पाणी दीड मीटरच्या खाली गेलं की पंप चालू, चार मीटरच्या वर गेलं की बंद. बस्स, एवढंच काम.

पाण्याची पातळी मोजायला टाकीत एक लेव्हल ट्रान्समीटर. तो ४ ते २० मिलीअँपिअरचा सिग्नल देतो. टाकी रिकामी असेल तर ४, पूर्ण भरली तर २०, मधे असेल तर त्या प्रमाणात. म्हणजे दोन मीटर पाणी असेल तर पाचातले दोन, म्हणजे ४० टक्के. १६ मिलीअँपिअरच्या पट्ट्यातले ४० टक्के म्हणजे ६.४, त्यात सुरुवातीचे ४ मिळवले की १०.४ मिलीअँपिअर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रात्री दीडला रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियनचा फोन. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. पन्नाशीचे, आयटीआय झालेले. स्टार-डेल्टा स्टार्टरमधला फॉल्ट डोळे मिटून काढतील असे. म्हणाले, "सर, टाकी ओसंडून वाहतेय. पाणी जिन्यावरून पॅनल रूमच्या दारापर्यंत आलंय. मी सिलेक्टर ऑफला टाकून पंप बंद केलाय. पण ऑटोला टाकला की परत सुरू होतोय."

मी म्हटलं, "मामा, लॅपटॉप लावून लॅडर बघा ना, कुठे अडकलंय."

ते म्हणाले, "तेच बघतोय की अर्धा तास. हितं सगळं हिरवंच दिसतंय. मग पाणी थांबंना का?"

पाणी पॅनलपासून वीतभर लांब राहिलं, म्हणून निभावलं. पण मामांचं ते वाक्य मला तेव्हापासून चिकटलंय. सगळं हिरवं दिसत होतं आणि तरी चूक होती. त्यांना लॅडर वाचता येत नव्हता असं नाही. मी त्यांना चुकीच्या प्रश्नासाठी लॅडर दिला होता.

लॅडर कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतो

लॅडर म्हणजे काय हे एका मिनिटात. पीएलसी यायच्या आधी पॅनलमध्ये रिले असायचे. त्यांच्या वायरिंगची आकृती शिडीसारखी दिसायची. डावीकडे फेज, उजवीकडे न्यूट्रल, मधे पायऱ्या. प्रत्येक पायरीवर काही कॉन्टॅक्ट आणि शेवटी एक कॉइल. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत मोटार कारखान्यांसाठी पहिले पीएलसी आले, तेव्हा इलेक्ट्रिशियनला नवी भाषा शिकायला लागू नये म्हणून प्रोग्रॅमही त्याच आकृतीत लिहायची सोय झाली. त्यामुळे लॅडर वाचणारा माणूस मनातल्या मनात करंट चालवत असतो. डावीकडून निघाला, पहिला कॉन्टॅक्ट बंद आहे, पुढे गेला, दुसरा उघडा आहे, तिथे अडला.

म्हणून लॅडर एका प्रश्नाला फार सुंदर उत्तर देतो: मोटर चालू का होत नाहीये? स्क्रीनवर हिरवी रेघ जिथे तुटते तिथे बोट ठेवायचं. तोच कॉन्टॅक्ट. ओव्हरलोड ट्रिप आहे, दार उघडं आहे, नाहीतर प्रेशर स्विच आलेला नाही. पाच सेकंदांत उत्तर.

आता मामांसमोरचा प्रश्न बघा. मोटर चालू होत नाही असं नव्हतं. मोटर *चालू का आहे* असा प्रश्न होता. अशा वेळी तुटलेली रेघ शोधायची सोयच नाही, कारण एकही रेघ तुटलेली नसते. लॅडर अगदी खरं सांगत होता: पंप चालू असायला पाहिजे, कारण पाण्याची मागणी आहे. मागणी का आहे, हे त्या पायरीवर नव्हतंच. ते दुसरीकडे, एका आकड्यात दडलं होतं.

माझा प्रोग्रॅम साधारण असा होता. मधल्या पायऱ्या गाळल्यात:

```
Rung 1:  INT_TO_REAL LVL_RAW -> LVL_REAL
Rung 2:  SUB LVL_REAL, 200.0 -> TMP1
Rung 3:  DIV TMP1, 160.0     -> LVL_M
Rung 7:  LVL_M < 1.5  --(S) LVL_CALL
Rung 8:  LVL_M > 4.0  --(R) LVL_CALL
Rung 12: LVL_CALL  AUTO  OL_OK --( ) PUMP
```

यातलं गणित सोपं आहे. इनपुट कार्ड ० ते २० मिलीअँपिअरसाठी ० ते १००० असा आकडा देत होतं. म्हणजे ४ मिलीअँपिअरला २०० आणि २० ला १०००. त्यातून २०० वजा केले की रिकाम्या टाकीला शून्य येतं. उरलेल्या ८०० ला १६० ने भागलं की पाच, म्हणजे थेट मीटरमध्ये पातळी. पहिली पायरी फक्त पूर्णांकाचा दशांश करते. ती नसती तर भागाकारात दीडचा एक झाला असता.

मामा बाराव्या पायरीवर उभे होते. तिथे LVL_CALL हिरवा. तो कुठून आला? क्रॉस रेफरन्स उघडा, सातवी पायरी. तिथे LVL_M नावाचा आकडा दीडपेक्षा कमी आहे म्हणे. तो कुठून आला? परत क्रॉस रेफरन्स, तिसरी पायरी. तिथे TMP1. तो? दुसरी पायरी. मग पहिली. प्रत्येक उडीला स्क्रीन बदलते, आणि मधल्या नावांना त्यांच्या लेखी काही अर्थ नाही. TMP1 हे नाव मी ठेवलं होतं, मी सॉफ्टवेअरवाला. पॅनलमध्ये TMP1 नावाची कुठलीही वायर नसते.

लॅडरमध्ये करंटची रेघ काढलेली असते, पण *आकड्याची* रेघ काढलेली नसते. आकडा एका पायरीवर एका नावाने गायब होतो आणि दुसऱ्या पायरीवर त्याच नावाने उगवतो. मधला रस्ता वाचणाऱ्याने डोक्यात जोडायचा. चाळीस मिनिटांनी आम्ही दोघं फोनवर बोलत-बोलत पहिल्या पायरीपर्यंत पोचलो आणि तिथे दिसलं: LVL_RAW शून्य.

शून्य! रिकाम्या टाकीलासुद्धा २०० यायला पाहिजेत. शून्य म्हणजे वायरच तुटलेली. गच्चीवरच्या जंक्शन बॉक्समध्ये पाणी जाऊन टर्मिनलमधली लग गंजून निघाली होती. शून्यातून २०० गेले, उणे २००. भागिले १६०, म्हणजे उणे सव्वा मीटर. प्रोग्रॅमच्या मते टाकीत उणे १.२५ मीटर पाणी होतं. दीडपेक्षा कमीच की! भर पाणी. आणि काठोकाठ भरली तरी आकडा उणे सव्वाच राहणार, त्यामुळे पंप थांबणारच नाही.

चूक अर्थातच माझी. वायर तुटली तर काय, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता. पण दुसरी चूकही माझीच होती: शोधायला चाळीस मिनिटं लागतील अशा आकृतीत मी तो लिहिला होता.

तोच प्रोग्रॅम, एफबीडीत

पुढच्या आठवड्यात मी तेवढाच भाग एफबीडीत पुन्हा काढला. एफबीडीत कॉन्टॅक्ट-कॉइल नसतात. चौकोनी डबे असतात. डाव्या बाजूने सिग्नल आत जातो, डबा एक काम करतो, उजवीकडून उत्तर बाहेर येतं आणि रेघेने पुढच्या डब्यात शिरतं. लॅडर आणि एफबीडी दोन्ही आयईसी ६११३१-३ या आंतरराष्ट्रीय मानकात आहेत. त्याची पहिली आवृत्ती १९९३ ची, म्हणजे ही काही कालची फॅशन नाही.

```
LVL_RAW--[INT_TO_REAL]--[SUB 200]--[DIV 160]--+
                                              |
  +-------------------------------------------+
  |
  +--[LT 1.5]--S  |    |
  |               | RS |--LVL_CALL
  +--[GT 4.0]--R1 |    |
```

LT म्हणजे "यापेक्षा कमी आहे का", GT म्हणजे "यापेक्षा जास्त आहे का". RS म्हणजे लॅच. S ला सिग्नल आला की धरून ठेवतो, R1 ला आला की सोडतो. DOL स्टार्टरच्या होल्डिंग कॉन्टॅक्टचं जे काम, तेच.

मामांना काही न शिकवता स्क्रीन दाखवली. आधी वाटलं नाक मुरडतील. त्यांनी चष्मा लावला, LVL_RAW वर बोट ठेवलं आणि उजवीकडे सरकवत नेलं. मॉनिटरिंग चालू होतं, त्यामुळे प्रत्येक रेघेवर त्या क्षणाचा आकडा दिसत होता. ५२०, मग ३२०, मग २.०. म्हणाले, "हे म्हणजे आपण लूप तपासतो तसंच झालं की. एकेका टप्प्याला मीटर लावत जायचं."

नेमकं हेच. इलेक्ट्रिशियन दोन प्रकारे फॉल्ट शोधतो. कंट्रोल वायरिंगमध्ये तो फेज कुठपर्यंत येतोय ते बघत जातो. त्यासाठी लॅडर. पण ट्रान्समीटरचं लूप तपासताना तो ट्रान्समीटरपाशी काय आलं, पॅनलच्या टर्मिनलला काय आलं, कार्डाला काय गेलं, असं टप्प्याटप्प्याने *मोजत* जातो. जिथे आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा, तिथे फॉल्ट. एफबीडी ही त्या दुसऱ्या सवयीची आकृती आहे. लूपचाच रस्ता प्रोग्रॅमच्या आत पुढे काढलेला.

मग मी पॅनलमधली ट्रान्समीटरची एक वायर मुद्दाम काढली. रेघेवरचे आकडे बदलले: ०, उणे २००, उणे १.२५, आणि LT च्या पुढे १. मामा लगेच म्हणाले, "अहो, उणे पाणी कुठं असतंय का?" पहिल्या रात्री चाळीस मिनिटं लागलेला फॉल्ट अर्ध्या मिनिटात सापडला. ज्ञान तेच, माणूस तोच. फक्त आकड्याचा रस्ता आता डोळ्यांसमोर होता.

तुटलेली वायर ओळखायची कशी

शोधणं सोपं झालं, पण मुळात टाकी पुन्हा ओसंडायलाच नको. ४ ते २० च्या सिग्नलचा मोठा फायदा हाच की त्यातलं शून्य खरं शून्य नसतं. चालू स्थितीतल्या ट्रान्समीटरने सुमारे ३.८ च्या खाली जायचंच नसतं. प्रोसेस उद्योगात नामुर एनई ४३ नावाची एक शिफारस पाळतात. तिच्यानुसार ३.६ मिलीअँपिअर किंवा त्याहून कमी म्हणजे बिघाड समजायचा. आमच्या कार्डावर ३.६ म्हणजे १८०. म्हणून एक फाटा वाढवला:

```
LVL_RAW--[LT 180]--[TON T#2s]--+--ALARM
                               |
LVL_M--[GT 4.0]--------------[OR]--R1
```

TON म्हणजे ऑन-डिले टायमर. आकडा सलग दोन सेकंद १८० च्या खाली राहिला तरच बिघाड मानायचा. क्षणभराच्या झटक्याने हूटर वाजायला नको. बिघाड ठरला की दोन गोष्टी: हूटर वाजेल, आणि OR मधून R1 ला सिग्नल जाऊन लॅच सुटेल.

इथे एक सापळा आहे. वायर तुटलेली असताना S वरही १ आहे, कारण उणे सव्वा हे दीडपेक्षा कमीच. आणि R1 वरही १ आहे, कारण बिघाड. दोघं एकाच वेळी ओढतायत. जिंकणार कोण?

आयईसी मानकात RS ब्लॉकमध्ये रीसेट जिंकतो आणि SR ब्लॉकमध्ये सेट जिंकतो. म्हणजे मी चुकून SR घेतला असता, तर हूटर वाजत राहिला असता आणि पंपही चालूच राहिला असता. त्यात भर म्हणजे सीमेन्सच्या सॉफ्टवेअरमध्ये ही नावं नेमकी उलटी आहेत, तिथे SR मध्ये रीसेट जिंकतो. त्यामुळे ब्लॉकच्या नावावर जाऊ नका. इनपुटच्या नावातला १ बघा. ज्याच्या पुढे १ लिहिलाय तो वरचढ. R1 असेल तर रीसेट, S1 असेल तर सेट. हे दोन्हीकडे सारखंच आहे.

लॅडरमध्ये वेगळ्या S आणि R कॉइल वापरल्या तर हा निकाल पायऱ्यांच्या क्रमावर लागतो. खाली असलेली पायरी नंतर चालते, म्हणून ती जिंकते. उद्या कुणी पायरी उचलून वर टाकली तर निकाल बदलतो आणि स्क्रीनवर त्याची कुठेही खूण राहत नाही. एफबीडीत ती खूण, तो छोटा १, डब्यावरच छापलेला असतो.

बदल केल्यावर चाचणी मामांनीच घेतली, आणि तुम्हीही अशीच घ्या. आधी लूप कॅलिब्रेटरने १०.४ मिलीअँपिअर सोडले, LVL_M ला २.० आलं पाहिजे. मग ८.८ च्या किंचित खाली, म्हणजे दीड मीटरच्या खाली, पंप चालू. मग १६.८ च्या किंचित वर, म्हणजे चार मीटरच्या वर, पंप बंद. शेवटी पंप चालू असताना वायर काढायची: दोन सेकंदांनी हूटर आणि पंप बंद. हे आकडे एका कागदावर लिहून मामांनी पॅनलच्या दाराला आतून चिकटवले.

एक मर्यादा प्रामाणिकपणे सांगतो. वायर तुटली की हे फक्त कळतं. पण ट्रान्समीटर १०.४ मिलीअँपिअरवरच अडकून बसला तर प्रोग्रॅमला दोन मीटरच दिसत राहणार, आणि तो आकडा अगदी सभ्य दिसतो. त्यासाठी टाकीच्या वरच्या टोकाला एक साधा फ्लोट स्विच बसवला आणि त्याचा कॉन्टॅक्ट थेट पंपाच्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सर्किटमध्ये घेतला, पीएलसीला वळसा घालून. सिलेक्टर हँडला असला तरीही तो पंप पाडतो.

मग लॅडर टाकून द्यायचा का?

मुळीच नाही. मलाही त्या उत्साहात तसंच वाटलं होतं. मी पंपाचा इंटरलॉकसुद्धा एफबीडीत काढला: ऑटो, ओव्हरलोड, फेज फेल्युअर, हौदातली किमान पातळी, व्हॉल्व्ह उघडा, इमर्जन्सी स्टॉप, असे आठ-नऊ सिग्नल एका AND डब्यात. मामा बघून म्हणाले, "सर, हे आधीचंच बरं होतं."

आणि ते बरोबर होते. AND डब्यात नऊ रेघा एकाखाली एक शिरतात. त्यातल्या दोन-तीन उलट्या घ्यायच्या असतील तर रेघेच्या टोकाला एक बारीक गोल काढतात, म्हणजे ० आला की १ धरायचा. रात्री दोन वाजता, धुळीच्या स्क्रीनवर, तो गोल दिसत नाही. लॅडरमध्ये तेच नऊ कॉन्टॅक्ट ओळीने असतात आणि हिरवी रेघ जिथे थांबते तिथे थांबते. "परवानगी कुणी अडवली" या प्रश्नाला लॅडरसारखं उत्तर नाही.

पण इंटरलॉकमध्येही एका जागी लॅडर फसवतो, आणि नवीन मुलं तिथे हमखास गोंधळतात. स्टॉपचं पुश बटन पॅनलमध्ये एनसी जोडतात, म्हणजे वायर तुटली तरी मशीन थांबावं. पण प्रोग्रॅमच्या लॅडरमध्ये तोच स्टॉप *एनओ* कॉन्टॅक्ट म्हणून काढावा लागतो, कारण बटन न दाबता इनपुटला सिग्नल आलेलाच असतो. वायरिंग डायग्राममध्ये एनसी, स्क्रीनवर एनओ. लॅडर हुबेहूब वायरिंगसारखा दिसतो, म्हणून माणूस तो वायरिंग समजूनच वाचतो, आणि इथे घसरतो. एफबीडी वायरिंगचं सोंग घेत नाही. इनपुटला सिग्नल आहे, १ आहे, सरळ AND मध्ये जातो. त्यामुळे लॅडर ठेवलात तरी त्या सिग्नलचं नाव STOP न ठेवता STOP_OK ठेवा. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

एफबीडीची दुसरी खोड म्हणजे तो पसरतो. एका पानावर पंचवीस डबे झाले आणि रेघा एकमेकींना छेदायला लागल्या की बोट ठेवून चालणं संपतं. काही सॉफ्टवेअरमध्ये डबे कुठेही ठेवता येतात. तिथे कुठला डबा आधी चालतो ते डब्याच्या कोपऱ्यातल्या क्रमांकावरून कळतं, तो डावीकडे आहे की उजवीकडे यावरून नाही. उजवीकडची रेघ वळून मागे डावीकडे आली असेल, तर तो क्रमांक बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. मागे येणारा आकडा बहुधा आधीच्या फेरीचा असतो. मी स्वतःपुरता नियम केलाय: एका तुकड्यात सात-आठ डबे, रेघ फक्त डावीकडून उजवीकडे. त्यापेक्षा जास्त झालं की तोडायचं आणि मधल्या रेघेला LVL_M सारखं अर्थ असलेलं नाव द्यायचं.

शेवटी वाटणी कशी केली

आयईसी मानकात प्रोग्रॅमचा प्रत्येक तुकडा वेगळ्या भाषेत लिहिता येतो, तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही भाषा असल्या म्हणजे झालं. आमच्याकडे होत्या. त्यामुळे भांडण एका रेघेवर मिटलं. ट्रान्समीटरपासून LVL_CALL पर्यंतचा भाग एफबीडीत. LVL_CALL पासून पंपाच्या कॉइलपर्यंतचा भाग लॅडरमध्ये. दोघांना जोडणारा एकच बिट.

आता रात्री फोन येतो तेव्हा मी एकच विचारतो, "मामा, LVL_CALL काय दाखवतोय?" तो ० असेल आणि पाणी खरंच कमी असेल, किंवा तो १ असेल आणि टाकी भरलेली असेल, तर ते एफबीडी उघडतात आणि डावीकडून आकडे बघत येतात. LVL_CALL बरोबर आहे पण पंप ऐकत नाही, तर लॅडर उघडतात आणि हिरवी रेघ कुठे तुटली ते बघतात.

तुमच्याकडे नवीन प्रोग्रॅम लिहायला घ्याल तेव्हा भाषा ठरवायच्या आधी एवढंच बघा: हा भाग बिघडेल तेव्हा समोरचा माणूस काय विचारणार आहे? "कुणी अडवलं" असं विचारणार असेल तर लॅडर. "हा आकडा असा कसा आला" असं विचारणार असेल तर एफबीडी. मोटरचं स्टार्ट-स्टॉप, इंटरलॉक, ट्रिप हे सगळं पहिल्या खात्यात. लेव्हल, प्रेशर, तापमान, त्यांचं स्केलिंग, तुलना, टायमर आणि त्यातून बनणारा एक हो किंवा नाही, हे दुसऱ्या खात्यात.

परवा मामांना विचारलं, एफबीडी आवडतो का. म्हणाले, "आवडायचं काय त्यात? बोट ठेवता आलं पाहिजे."

तुमच्या कारखान्यात असा "सगळं हिरवं, तरी बंद होईना" किस्सा घडला असेल तर खाली लिहून पाठवा. कंपनीचं नाव नको, फॉल्ट मात्र सविस्तर सांगा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत गच्चीवरच्या जंक्शन बॉक्सचं झाकण घट्ट बसलंय ना, ते एकदा बघून घ्या.